धावणाऱ्या पायांचे बूट, मोजे आणि एक पट्टी

मुलांनो, मुलींनो आणि खास वेळ काढून आलेल्या पालकहो,

क्रीडादिनाला अजून तीन आठवडे आहेत, तरीही आम्ही तुम्हाला आजच मैदानावर बसवले आहे. प्रत्यक्ष त्या दिवशी बोलून उपयोग नसतो. त्या दिवशी पाहुणे असतात, मंडप असतो, माइक खरखरत असतो आणि मुलांचे लक्ष बक्षिसांच्या टेबलावर असते. शिवाय आज जे सांगणार आहोत ते करायला दोन-तीन आठवडे लागतातच. म्हणून हे भाषण आधीच करायचा आमचा रिवाज आहे, आणि या महिन्याच्या सदरातही आम्ही तेच देत आहोत.

आपले मैदान म्हणजे कोकणातला सडा. वर लाल माती, खाली जांभा, आणि पावसाळ्यानंतर सुकलेल्या गवताचे टोकदार खुंट. इथे 800 मीटर धावायचे म्हणजे काय, त्याचा हिशेब करा. सहावी-सातवीच्या मुलाचे धावतानाचे पाऊल साधारण सव्वा मीटरचे धरले, तर 640 पावले होतात. म्हणजे एकेका पायावर 320 वेळा सगळ्या अंगाचा भार येतो. चालताना जे बूट 'बरे आहेत' असे वाटतात, त्यांची खरी परीक्षा या 320 वेळांत होते.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, "सर, तो आफ्रिकेतला धावपटू तर अनवाणी धावून जिंकला होता!" बरोबर आहे. त्याचे नाव अबेबे बिकिला, इथिओपियाच्या शाही रक्षक दलातला शिपाई. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 42 किलोमीटरची मॅरेथॉन तो अनवाणी धावला, वाटेत दगडी फरसबंदीचे जुने रस्ते होते, आणि सुवर्णपदक घेऊन गेला. ही गोष्ट सगळे सांगतात, पण तो अनवाणी का धावला हे फार थोडे सांगतात. तिथे मिळालेले बूट त्याच्या पायांना नीट बसले नाहीत. सरावात तो अनवाणी पळत असे, त्याचे तळवे त्याला तयार होते. म्हणून टोचणाऱ्या नव्या बुटांपेक्षा त्याने सवयीचे अनवाणी पाय निवडले. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि पुन्हा सुवर्णपदक जिंकला, तेही आधीपेक्षा कमी वेळात. तेव्हा या गोष्टीवरून 'बूट नकोत' असे ठरत नाही. न बसणारे बूट हे बूट नसण्यापेक्षा वाईट, एवढेच त्यातून कळते.

मग बूट बसतात की नाही हे कसे ओळखायचे? आपल्याकडे ओळखायची रीत अशी की, दुकानदार विचारतो, "कितीचा नंबर?" अब्बा सांगतात, "दोन." मूल पाय घालते, दोन पावले चालते, आणि "होतात" म्हणते. नवे बूट मिळताहेत या खुशीत कोणते मूल "होत नाहीत" म्हणेल? म्हणून मुलाच्या तोंडाला नाही, पायाला विचारा.

मोजमाप घरीच होते. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगतो, आणि धावतानाही तो फुगणारच असतो. भिंतीला लागून जमिनीवर एक कागद ठेवा. जो मोजा घालून धावायचे तोच मोजा घालून मुलाला कागदावर उभे करा, टाच भिंतीला टेकलेली. बसवून मोजू नका. उभे राहिल्यावर अंगाच्या भाराने तळव्याची कमान थोडी दबते आणि पाय लांब होतो. सगळ्यांत पुढे आलेल्या बोटासमोर पेन्सिल सरळ उभी धरून खूण करा. ते बोट अंगठाच असेल असे नाही. कित्येकांचे दुसरे बोट पुढे असते. मग भिंतीपासून खुणेपर्यंत पट्टीने मोजा. दोन्ही पाय मोजा. दोन्ही सारखे निघाले तर नवल समजा. जो मोठा, त्याच्या मापाने बूट.

आता बुटाच्या आतली लांबी. बहुतेक धावायच्या बुटांतली गादी ओढली की बाहेर येते. ती मोजा. गादी चिकटवलेली असेल तर जाड कागदाची अरुंद पट्टी आत पुढच्या टोकापर्यंत सरकवा, टाचेपाशी खूण करा आणि बाहेर काढून मोजा. पायापेक्षा ही लांबी साधारण एक सेंटिमीटर जास्त हवी, फार तर सव्वा. मोठ्या माणसाच्या अंगठ्याची रुंदी म्हणा. ही जागा लागते, कारण धावताना पाय प्रत्येक पावलाला किंचित पसरतो आणि बुटात पुढे सरकतो. पुढे जागा नसेल तर तो पुढच्या भिंतीवर आपटतो. तीनशे वीस वेळा.

मागच्या वर्षीचे एक उदाहरण सांगतो. सहावीतली एक मुलगी, 800 मीटरची चांगली धावणारी. दुसऱ्या फेरीनंतर तिचा वेग उतरायचा. दम कमी पडतो असे सगळ्यांना वाटले. तिला विचारले तर म्हणाली, "टीचर, दम आहे, पण डावा अंगठा ठणकतो." मोजा काढून पाहिले तर डाव्या अंगठ्याचे नख काळे पडू लागले होते. नखाखाली रक्त साकळले की असे होते. उजवे नख मात्र साफ.

पाय मोजले. डावा 22.2 सेंटिमीटर, उजवा 21.8. बुटाची गादी 22.4. म्हणजे उजव्या पायापुढे 6 मिलिमीटर मोकळे, डाव्यापुढे फक्त 2. एकच नख काळे का, याचे उत्तर त्या चार मिलिमीटरांत होते. बूट जूनमध्ये घेतलेले, नंबर तेव्हा ठीक असेल. या वयात पाय थांबत नाही. म्हणून धावणाऱ्या मुलाचे पाय दर तीन-चार महिन्यांनी मोजावेत असे आम्ही सांगतो.

तिचे अब्बा दुसऱ्या दिवशी शाळेत आले. म्हणाले, "आता दोन नंबर मोठेच घेतो. वाढत्या अंगाची आहे, दोन वर्षं जातील." महागाईत हा विचार कोणाच्या मनात येत नाही? पण आम्ही त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. आपल्या बाजारातल्या नंबरांत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. एक नंबर मोठा घेतला तर गादी 23.2 ते 23.3 च्या आसपास येईल. डाव्या पायापुढे साधारण 11 मिलिमीटर, उजव्यापुढे 15. हे चालेल. दोन नंबर मोठा घेतला तर डाव्यापुढे जवळजवळ दोन सेंटिमीटर आणि उजव्यापुढे त्याहून जास्त. मग पाय बुटात होडीसारखा पुढेमागे करतो. टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते. बूट पडू नये म्हणून मूल बोटे आत आवळून धरते, आणि आवळलेल्या बोटांनी जमिनीला जोर कसा देणार? पुढे कापूस कोंबला तरी बोटांपुढची जागा भरते, मागची ढिली टाच तशीच राहते. अब्बांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि एकच नंबर मोठा घेतला. दुकानात गादी काढून मोजायला मात्र विसरू नका असे आम्ही त्यांना बजावले होते, कारण एका कंपनीचा तीन आणि दुसऱ्या कंपनीचा तीन यांत फरक पडतो. नंबर फक्त अंदाज देतो, माप पट्टीच सांगते.

बूट हातात घेतल्यावर आणखी दोन गोष्टी पाहा. पुढचे टोक आणि टाच धरून बूट वाकवा. तो चवड्याच्या जागी, जिथे पायाची बोटे वाकतात तिथे, वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. मग टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबा. ती कडक हवी, कारण पाय जागेवर धरायचे काम तिचे. आपल्या मुलांच्या बुटांची हीच भिंत सगळ्यांत आधी मरते. वर्गाबाहेर बूट काढा, घराच्या दारात काढा, मशिदीच्या पायऱ्यांवर काढा, मदरशात काढा. दिवसातून पाच-सहा वेळा काढणे-घालणे, आणि प्रत्येक वेळी नाडी कोण सोडणार? मग टाच तुडवून चप्पलसारखे घुसायचे. महिन्याभरात मागची भिंत दुमडते, आणि नवे बूट धावायच्या कामाचे राहत नाहीत. त्यावर उपाय सोपा: धावायचे बूट वेगळ्या पिशवीत, मैदानासाठीच. येण्याजाण्याला चप्पल. गणवेशाचे काळे चामडी बूट घालून शर्यत पळू नका. त्यांचा तळ कडक असतो आणि सड्यावरच्या बारीक खडीवर घसरतो.

आता मोज्यांकडे येऊ. लोक बुटांवर पैसे खर्च करतात आणि मोजे मात्र कपाटातले जे हाताला लागतील ते. फोड कसा येतो हे कळले की मोज्याची किंमत कळेल.

पायाचे हाड प्रत्येक पावलाला आत थोडे पुढेमागे हलते. वरची कातडी मात्र मोज्याला चिकटून जागच्या जागी राहू पाहते. वर एक ओढ, खाली दुसरी ओढ. अशी ओढाताण पुन्हा पुन्हा झाली की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या जागेत पाणी भरते. तोच फोड. कोरडी कातडी थोडी घसरून मोकळी होते, दमट कातडी जास्त चिकटते. म्हणून ओला पाय हा फोडाचा अर्धा रस्ता.

सुती मोजा घाम शोषतो आणि धरून ठेवतो. नेहमीच्या वापराला सूत छान, पण धावताना तो ओला होऊन पायाला चिकटतो, सुरकुततो आणि घासतो. धावायला पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे मिश्रण असलेला, पायाला अंगाबरोबर बसणारा मोजा बरा. तो घाम बाहेरच्या बाजूला सोडतो आणि लवकर सुकतो. फार महाग घ्यायची गरज नाही. पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचा. माप मात्र पाहा. सर्वांना चालणारा म्हणून विकला जाणारा मोजा लहान मुलाने घातला की मोज्याची टाच घोट्यावर येते आणि उरलेले कापड बोटांपुढे गोळा होते. तो गोळाच फोड आणतो. बोटांवरची शिवण जाड असेल तर मोजा उलटा घाला, शिवण बाहेर राहील. कोणी हसले तर हसू द्या. रबर सैल झालेला, घसरून टाचेखाली जाणारा मोजा झाडलोटीला ठेवा. आणि नवा मोजा एकदा धुऊन मगच घाला.

आपल्या घरांतली एक खास गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपला सराव अस्रच्या नमाजनंतर असतो. वुझू करून, नमाज पढून मुले धावतच मैदानावर येतात, आणि ओल्या पायांवरच मोजे चढवतात. पाय वरून कोरडा दिसतो, पण बोटांच्या बेचक्यांत पाणी असतेच. त्यावर मोजा, त्यावर बूट, वर घाम. फोड तर येतातच, शिवाय बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलवटते, खाज सुटते. ती बुरशी असते आणि एकाच्या टॉवेलवरून दुसऱ्याला होते. पिशवीत एक लहान पंचा ठेवा. एकेक बोट वेगळे करून पुसा आणि मगच मोजा घाला. पावडर भरपूर ओतू नका. घामात तिचा लगदा होतो आणि तोच घासतो. पंचा दुसऱ्याला देऊ नका. इतर बाबतींत वाटून घ्या, इथे नको.

बूट घालायचीही रीत आहे. खाली बसा, पाय आत घाला आणि टाच जमिनीवर दोन वेळा ठोका, म्हणजे ती मागच्या भिंतीला नीट टेकेल. मग नाडी बोटांकडून वर घोट्याकडे एकेक भोक घट्ट करत या. फक्त वरची गाठ आवळली तर खाली सगळे सैलच राहते. बऱ्याच बुटांना वर, घोट्याजवळ, एक जास्तीचे भोक असते आणि ते कोणी वापरत नाही. ते टाचेसाठीच आहे. नाडीचे टोक त्याच बाजूच्या त्या शेवटच्या भोकातून घालून लहान फासा करा. दुसऱ्या बाजूलाही तसेच. मग डावे टोक उजव्या फाशातून, उजवे डाव्या फाशातून ओवून ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर पकडली जाते. त्या सहावीतल्या मुलीच्या उजव्या पायापुढे 15 मिलिमीटर जागा राहिली होती ना, तो पाय आम्ही असाच बांधला. गाठ दुहेरी मारा आणि लोंबणारी टोके नाडीखाली खोचा.

पालकहो, बूट घ्यायचे असतील तर या आठवड्यात घ्या. क्रीडादिनाच्या आदल्या रात्री आणलेले बूट घालून मुलाला उतरवू नका. पहिले दोन-तीन दिवस घरातच, संध्याकाळी अर्धा तास. मग मैदानावर चालणे आणि थोडे सावकाश पळणे, पंधरा मिनिटांपर्यंत. कुठे लागत नसेल तर वेळ वाढवा आणि दुसऱ्या आठवड्यात पूर्ण सराव. दुकानदार बदलून देत असेल तर घरातल्या फरशीवर घालून पाहिलेले बूट बदलून मिळतात, लाल मातीत पळालेले मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सराव झाला की मोजे काढून पाय पाहायची सवय लावा. पाय स्वतःच सांगतो. बोटांची टोके लाल किंवा नख दुखरे, तर बूट आखूड. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला लाली, तर बूट अरुंद. टाचेच्या मागे सोललेले, तर मागून सैल. चवड्याखाली तळव्यावर आग होत असेल, तर पाय आत सरकतो आहे किंवा मोजा ओला राहतो आहे. फोड येण्याआधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. तेव्हाच थांबायचे, पाय कोरडा करायचा आणि त्या जागेवर चिकटपट्टी सुरकुती न पडता लावायची. फोड आलाच तर सुईने फोडू नका. दादी-नानी दोरा ओवायला सांगतील, त्यांची माफी मागून नाही म्हणा. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवा, वरची कातडी ओढून काढू नका आणि पट्टी लावा. भोवती लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे.

एक दुखणे मात्र बुटावर ढकलून चालत नाही. आठ ते चौदा या वयात टाचेचे हाड वाढत असते आणि त्याच्या मागच्या भागातली वाढीची जागा मऊ असते. धावणे-उड्या यांनी तिच्यावर ताण येतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर मूल कळवळले, किंवा पळून झाल्यावर लंगडू लागले, तर त्याला काही दिवस विश्रांती द्या आणि डॉक्टरांना दाखवा. झिजलेले, पातळ तळाचे बूट ते दुखणे वाढवतात, पण नवे बूट घेतले म्हणून ते आपोआप जाते असे नाही. "बहाणे करतो" असे म्हणू नका.

राहिली ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांची गोष्ट. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अनवाणी धावायला परवानगी आहे, एका पायात बूट घालून धावले तरी चालते. तेव्हा आपल्या मैदानावर अनवाणी मुलाला कोणी हसले तर ते आम्हाला चालणार नाही. जो नेहमी अनवाणी धावतो, त्याने क्रीडादिनाला कोणाचे तरी बूट उसने घालू नयेत. दुसऱ्याच्या पायाने दबलेली गादी तुमच्या पायाला बसत नाही. फक्त आपला सडा निर्दय आहे, म्हणून शर्यतीच्या मार्गिकेतले खुंट, खडे आणि काचा वेचायचे काम आठवी-नववीची मुले आदल्या दिवशी करतील. अनवाणी धावणाऱ्यांच्या शर्यती सकाळी लवकर ठेवल्या आहेत, कारण जांभा अकरानंतर तव्यासारखा तापतो. आणि धनुर्वाताची सुई राहिली असेल तर ती आताच घेऊन टाका.

घरात लहान झालेले पण चांगल्या स्थितीतले बूट असतील तर शाळेत आणून द्या. तळ एका बाजूने झिजलेला नसावा आणि टाचेची भिंत उभी असावी. इतर बूट आणू नका, ते घेणाऱ्याला त्रासच देतील. ते वाटताना नाव पुकारले जाणार नाही. सरावाच्या वेळी माप बघून ज्याचे त्याला पिशवीत मिळतील.

येत्या बुधवारी अस्रनंतर आम्ही पाचवीच्या वर्गात भिंतीला कागद लावून, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसणार आहोत. मुलांनो, सध्याचे बूट आणि ज्या मोज्यांनी धावणार आहात ते मोजे घेऊन या. पाय धुऊन या, आणि बोटांच्या बेचक्या पुसून या.